मदत केंद्राचा शोध: ‘खाते’ शोधल्यावर ‘शाखेतील’ का सापडत होते

आमचे सॉफ्टवेअर पावत्या, खाती आणि शाखा यांचा हिशेब ठेवते. ग्राहक मराठीतून विचारतात आणि आम्ही मराठीतून उत्तरे देतो. त्याच त्या प्रश्नांची तिकिटे कमी व्हावीत म्हणून संकेतस्थळावर शोधता येणारे मदत केंद्र उभे करण्याचे काम माझ्याकडे आले. मराठी मजकुरावर असा शोध बसवणाऱ्या पुढच्या माणसाचे दिवस वाया जाऊ नयेत, यासाठी मी या नोंदी ठेवल्या आहेत.

३ जून

एकही लेख लिहिण्याआधी मागील आठ आठवड्यांची सर्व २४० तिकिटे मी स्वतः वाचली. तिकिटांवर सपोर्टने लावलेले वर्ग उपयोगी पडले नाहीत, कारण निम्म्याहून अधिक तिकिटांवर ‘इतर’ एवढेच लिहिलेले होते. शेवटी प्रत्येक तिकिटापुढे एका ओळीत ‘ग्राहकाला नेमके काय करायचे होते’ एवढेच लिहिले आणि त्या ओळींचे गट पाडले. ९७ तिकिटे चारच विषयांची निघाली. पासवर्ड विसरल्याची ३१, चुकलेली पावती रद्द किंवा दुरुस्त करण्याची २८, दुसऱ्या संगणकावर परवाना नेण्याची २२ आणि शाखेतील वापरकर्त्याला परवानगी देण्याची १६.

या वाचनाला दीड दिवस लागला. ग्राहकांचे मूळ शब्द एका वेगळ्या रकान्यात जसेच्या तसे उतरवून ठेवले होते, आणि पुढे सगळ्यांत अधिक उपयोग त्या रकान्याचाच झाला.

१० जून

पहिले १२ लेख लिहून झाले आणि त्यांतील ९ परत लिहावे लागले. मी सॉफ्टवेअरचा मेनू समोर ठेवून लिहीत गेलो होतो, त्यामुळे ‘व्यवहार नोंदींचे व्यवस्थापन’ अशी शीर्षके तयार झाली. सपोर्टमधील सहकारी ताईंनी ती यादी पाहून विचारले, “चुकलेली पावती कशी रद्द करायची, हे यातल्या कोणत्या लेखात आहे?” ते तीन लेखांत विखुरलेले होते.

आता एका लेखात एकच काम ठेवले आहे आणि शीर्षक तिकिटातील शब्दांत दिले आहे: ‘चुकलेली पावती रद्द करणे’. ग्राहक त्याच गोष्टीला आणखी ज्या नावांनी ओळखतात ती ‘इतर शब्द’ या वेगळ्या रकान्यात जातात. रोमन लिपीत टंकलेले `pavti` आणि `password` हेही तिथेच जातात.

१४ जून

शोधासाठी वेगळी सेवा न घेता एसक्यूलाइटचा एफटीएस५ वापरायचे ठरवले. लेख शंभराच्या आत राहणार आहेत, संकेतस्थळाच्या सर्व्हरवर एसक्यूलाइट आधीपासून आहे आणि नवीन काही सांभाळावे लागत नाही. तक्ता असा बनवला:

```sql
CREATE VIRTUAL TABLE lekh USING fts5(
  shirshak, itar_shabda, majkur,
  tokenize = 'unicode61'
);
```

क्रम लावताना शीर्षकाला १०, इतर शब्दांना ५ आणि मजकुराला १ असे वजन दिले. ‘पावती’ शोधले तर ‘पावत्या’ आणि ‘पावतीची’ असलेले लेखही आले. मराठीतील विभक्तीची रूपे आपोआप जुळताना पाहून मला आनंद झाला आणि मी पुढच्या कामाला लागलो. ती रूपे का जुळत आहेत, हे मी त्याच वेळी पाहायला हवे होते.

२१ जून

३४ लेख चढवून मदत केंद्र सपोर्टच्या चमूपुरते खुले केले. दुपारीच ताईंचा निरोप आला: “‘खाते’ टाकलं की सगळ्यांत वर शाखेतील वापरकर्त्यांचा लेख येतोय. त्यात खाते हा शब्दच नाही.” मी तो लेख उघडून पाहिला. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

‘खाते’ या शब्दासाठी एकूण १९ लेख येत होते. ते एकेक उघडून पाहिले. ५ लेखांत ‘खाते’ होते, ६ लेखांत केवळ ‘खात्यात’, ‘खात्याचा’ अशी रूपे होती, आणि उरलेल्या ८ लेखांचा खात्याशी काहीही संबंध नव्हता. त्या आठांपैकी तिघांत ‘शाखेतील’ किंवा ‘शाखेतून’ होते आणि पाचांत ‘खात्री करून घ्या’ हे शब्द होते.

आधी वजनांवर संशय घेऊन मी आकडे बदलत बसलो आणि त्यात चार तास गेले. वजनांमुळे क्रम बदलतो, परंतु जो लेख जुळायलाच नको तो त्यांमुळे यादीतून जात नाही, हे आधी लक्षात घेतले असते तर ते तास वाचले असते.

२२ जून

निर्देशिकेत खरोखर कोणते शब्द साठले आहेत ते पाहिले. एफटीएस५ मध्ये त्यासाठी सोय आहे:

```sql
CREATE VIRTUAL TABLE tokens USING fts5vocab('lekh', 'row');
SELECT term, doc, cnt FROM tokens ORDER BY doc DESC LIMIT 30;
```

यादीच्या वरच्या भागात ‘क’, ‘त’, ‘र’, ‘य’ अशी सुटी अक्षरे होती आणि ‘खाते’ हा शब्द यादीत कुठेच नव्हता.

कारण असे आहे. `unicode61` हा विभाजक सुरुवातीच्या मांडणीत अक्षरे, अंक आणि खासगी वापराची चिन्हे यांनाच शब्दाचा भाग मानतो. युनिकोडमध्ये देवनागरीची काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पायमोडीचे चिन्ह ही ‘अक्षर’ या वर्गात येत नाहीत, ती ‘जोडचिन्ह’ या वर्गात येतात. त्यामुळे अशा प्रत्येक चिन्हापाशी शब्द तुटतो. ‘खाते’चे ‘ख’ आणि ‘त’ असे दोन तुकडे होतात आणि शोधताना ‘ख’च्या लगेच पुढे ‘त’ कुठे आहे एवढेच पाहिले जाते. ‘शाखेतील’चे तुकडे ‘श’, ‘ख’, ‘त’, ‘ल’ असे होतात, आणि त्यांत ‘ख’पुढे ‘त’ आहेच. ‘खात्री’चे ‘ख’, ‘त’, ‘र’ होतात, तिथेही तेच घडते. शाखेचा लेख सर्वांत वर येण्याचे कारणही कळले, कारण त्याच्या शीर्षकातच ‘शाखेतील’ आहे आणि शीर्षकाला मीच दहापट वजन दिले होते.

मला ज्याचा आनंद झाला होता, ते ‘पावत्या’ आणि ‘पावतीची’ यांचे जुळणेही याच तुटण्यामुळे घडत होते. तिन्ही शब्दांची सुरुवात ‘प’ आणि ‘वत’ या तुकड्यांनी होते.

तुमच्या शोधात हा दोष आहे की नाही, हे ओळखण्याची सर्वांत जलद खूण म्हणजे वरील यादी. तिच्यात काना-मात्रा नसलेली सुटी व्यंजनेच दिसत असतील तर बाकी काहीही तपासण्याआधी विभाजक दुरुस्त करावा.

२४ जून

दुरुस्ती एका ओळीची आहे. जोडचिन्हांचे दोन वर्ग विभाजकाला शब्दाचा भाग म्हणून सांगायचे:

```sql
tokenize = "unicode61 categories 'L* N* Co Mn Mc'"
```

आधीच्या तक्त्याचा विभाजक बदलता येत नसल्याने तो तक्ता काढून नव्याने बनवावा लागतो. इथे माझ्याकडून मोठी चूक झाली. लेखांचा मजकूर फायलींत होता, परंतु ‘इतर शब्द’ हा रकाना मी थेट शोधाच्या तक्त्यात भरत गेलो होतो. `DROP TABLE` चालवल्यावर ३४ लेखांचे ते सर्व शब्द गेले. आदल्या रात्रीच्या प्रतीतही ते नव्हते, कारण शोधाचा तक्ता केव्हाही पुन्हा बनवता येतो असे धरून मीच तो प्रतींतून वगळला होता. ३ जूनचा तो वेगळा रकाना हाताशी होता म्हणून सर्व काही पाच तासांत पुन्हा भरता आले. आता हे शब्द प्रत्येक लेखाच्या फायलीतच, सर्वांत वर लिहिलेले असतात.

नवीन तक्त्यात ‘खाते’ शोधले तर नेमके ५ लेख आले. नको असलेले आठ गेले, परंतु ‘खात्यात’ आणि ‘खात्याचा’ असलेले हवे असलेले सहाही गेले. त्या दिवशी एखाद्या ग्राहकाने ‘खात्याचा पासवर्ड’ असे शोधले असते तर त्याला कदाचित काहीच मिळाले नसते. दोष दुरुस्त झाल्यावर शोध आधीपेक्षा निरुपयोगी वाटू लागला, आणि याच टप्प्यावर जुन्या मांडणीकडे परत जाण्याचा मोह होतो. जुन्या मांडणीत हवे ते योगायोगाने मिळत होते, म्हणून मी परत गेलो नाही.

२७ जून

पहिला उपाय फसला. शब्दाचा शेवटचा स्वर काढून उरलेल्या भागाने सुरू होणारे सर्व शब्द शोधायचे, म्हणजे ‘खाते’साठी `खात*`, असे केले. ‘खात्यात’ आणि ‘खात्याचा’ मिळाले, पण सोबत ‘खात्री’ही परत आली आणि लेख १६ झाले. सूचनापर लेखनात ‘खात्री करा’ हे शब्द पानोपानी असतात. ‘कर’ शोधल्यावर तर ३४ पैकी ३४ लेख आले, कारण ‘करा’ आणि ‘करावे’ नाही असा लेखच नव्हता.

हा उपाय फसतो याचे कारण असे की त्यात ग्राहकाचा शब्द आपण छाटतो आणि लेखातील शब्द न छाटता तसाच ठेवतो. दोन्ही बाजूंना एकाच नियमाने छाटले, तर ‘खाते’ आणि ‘खात्यात’ दोन्ही ‘खात’वर येतात आणि ‘खात्री’ मात्र ‘खात्र’वर थांबते.

१ जुलै

तो नियम लिहिला. आधी शेवटचा प्रत्यय काढायचा, मग सामान्यरूपाचा शेवट काढायचा, आणि उरलेला भाग तीन चिन्हांपेक्षा लहान होत असेल तर छाटायचे नाही.

```python
def mool(s):
    if s in APVAD:
        return APVAD[s]
    for p in PRATYAY:        # लांब प्रत्यय आधी
        if s.endswith(p) and len(s) - len(p) >= 3:
            s = s[:-len(p)]
            break
    t = re.sub(r"(्या|[ािीुूेो])?ं?$", "", s)
    return t if len(t) >= 3 else s
```

`PRATYAY` यादीत ‘मध्ये’, ‘साठी’, ‘पासून’, ‘वरून’, ‘तील’, ‘च्या’, ‘चा’, ‘ची’, ‘चे’, ‘ला’, ‘ने’, ‘वर’ आणि ‘त’ एवढेच आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ही यादी अपुरी आहे, पण आमच्या लेखांत आणि तिकिटांत येणारी बहुतेक रूपे तिच्यात बसतात. ‘पावत्यांचा’ हा शब्द घेऊन पाहा. ‘चा’ गेल्यावर ‘पावत्यां’ उरते, मग शेवटचा अनुस्वार आणि ‘्या’ जाऊन ‘पावत’ राहते. ‘पावती’चेही ‘पावत’च होते.

किमान तीन चिन्हांची अट काढून पाहू नये. तिच्यावाचून ‘परत’ या शब्दातील ‘त’ प्रत्यय समजून काढला जातो. ‘कर’ आणि ‘करा’ही याच अटीमुळे वेगळे राहतात. मात्र ‘कराचा’ छाटल्यावर ‘करा’ उरते आणि ते क्रियापदाशी एकरूप होते, म्हणून ‘कराचा’, ‘कराची’, ‘करात’ अशी रूपे `APVAD` या यादीत हाताने घालून ‘कर’कडे वळवली आहेत. अशा अपवादांची संख्या सध्या ११ आहे.

शोधाच्या तक्त्यात आता छाटलेले शब्दच जातात. त्यामुळे निकालाखाली दाखवायचा उतारा त्या तक्त्यातून घेता येत नाही, नाहीतर वाचकाला ‘चुकलेल पावत रद्द’ असे काहीतरी दिसते. उतारा मूळ लेखातून घ्यावा लागतो. ‘खाते’साठी आता ११ लेख येतात, आणि ते सर्व खात्याविषयीचे आहेत.

५ जुलै

शोध सर्व ग्राहकांसाठी खुला केला. कोणीही काहीही शोधले आणि निकाल शून्य आला तर तो शोध एका तक्त्यात नोंदवला जातो. नोंदवण्यापूर्वी चारपेक्षा अधिक सलग अंक पुसले जातात, कारण चाचणीच्या पहिल्याच दिवशी एकाने शोधाच्या चौकटीत स्वतःचा दूरध्वनी क्रमांक टाकला होता. देवनागरी अंकही पुसले जातात ना, हे वेगळे तपासून घेतले.

९ जुलै

चार दिवसांतील निष्फळ शोधांची यादी वाचली. त्यांत तीन कारणे स्पष्ट दिसली.

पहिले कारण प्रश्नचिन्ह. ‘पावती रद्द कशी करायची?’ असे टाकल्यावर निकालाऐवजी कोरे पान येत होते. सर्व्हरच्या नोंदीत `fts5: syntax error near "?"` असे दिसले. ग्राहकाचे शब्द मी थेट `MATCH`कडे देत होतो, आणि तिथे विरामचिन्हे ही शोधाची आज्ञा म्हणून वाचली जातात. प्रश्न विचारणारा माणूस प्रश्नचिन्ह देणारच, आणि माझ्या चाचण्यांत मी एकदाही ते दिले नव्हते. आता प्रत्येक शब्द वेगळा काढून दुहेरी अवतरणात घातला जातो.

दुसरे कारण पूर्ण वाक्ये. एफटीएस५ दिलेले सर्व शब्द एकाच लेखात असावेत अशी अपेक्षा धरते. ‘माझ्या खात्याचा पासवर्ड कसा बदलायचा’ यातील पाचही शब्द असलेला लेख नव्हता. यासाठी ‘माझ्या’, ‘कसा’, ‘कशी’, ‘करा’, ‘करायची’ अशा शब्दांची गाळणी लावली, आणि त्यानंतरही शून्य आले तर उरलेल्यांपैकी कोणताही शब्द असलेले लेख दाखवले जातात. गाळणी शब्द छाटण्यापूर्वी लावायची असते. मी आधी ती नंतर लावली होती, आणि छाटल्यावर ‘करायची’ हा शब्द गाळणीतील शब्दाशी जुळतच नव्हता.

तिसरे कारण शोधायला मला पूर्ण दिवस लागला. ‘ॲप उघडत नाही’ या नावाचा लेख असूनही ग्राहकाने टाकलेले तेच शब्द त्याला सापडवत नव्हते. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसत होते. चिन्हांचे क्रमांक छापून पाहिल्यावर फरक कळला. लेखात ‘ॲ’ हे एकच चिन्ह होते, `U+0972`, आणि ग्राहकाच्या कळफलकाने `U+0905` व `U+0945` ही दोन चिन्हे पाठवली होती. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोघांना एक करत नाही, त्यामुळे ते हातानेच बदलावे लागते. ‘दुसऱ्या’ या शब्दाचेही असेच आहे. काही कळफलक `U+0931` वापरतात, तर काही साध्या ‘र’पुढे पायमोडीचे चिन्ह आणि `U+200D` हे न दिसणारे चिन्ह टाकतात. न दिसणारे चिन्ह शब्दाचा भाग मानले जात नसल्याने तिथे शब्द पुन्हा तुटतो. परवान्याच्या विषयात ‘दुसऱ्या संगणकावर’ हेच शब्द ग्राहक वापरत असल्याने हा दोष नेमका तिथे सर्वांत अधिक बाधत होता.

आता छाटण्यापूर्वी, लेख आणि शोध या दोन्हींवर, हे दोन बदल होतात आणि `U+200C` व `U+200D` ही चिन्हे काढली जातात.

१६ जुलै

तिकिटाच्या अर्जातही शोध जोडला. ग्राहक विषयाची ओळ लिहून पुढच्या चौकटीत गेला की खाली जास्तीत जास्त तीन लेख दिसतात. ‘पाठवा’ हे बटण मात्र जागेवरच राहते आणि लेख वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशी अट घातलेली नाही. अशी अट घालावी असा एक प्रस्ताव होता, आणि मी त्याला विरोध केला. ज्याचे काम अडले आहे त्याच्या वाटेत आणखी एक दार बसवले तर तिकिटांचा आकडा खाली येईल, पण त्याचे काम अडलेलेच राहील.

१९ ऑगस्ट

सपोर्टच्या मागील चार आठवड्यांच्या तिकिटांचे मी आणि ताईंनी पुन्हा हाताने गट पाडले. त्याच चार विषयांची तिकिटे २९ आली, आणि पूर्वीच्या वेगाने ती साधारण ४८ आली असती. पासवर्डची ६, पावतीची ८, परवानगीची ४ आणि परवान्याची ११. लेख किती वेळा उघडला गेला हे मोजून यातले काहीच कळले नसते, कारण सर्वांत अधिक वाचला गेलेला लेख परवान्याचा आहे आणि त्याच विषयाची तिकिटे मुळीच कमी झालेली नाहीत.

ती अकरा तिकिटे पुन्हा वाचली. नऊ ग्राहकांनी लेख वाचला होता आणि त्यातील सूचना बरोबर पाळल्या होत्या. जुना संगणक बिघडला असेल तर त्यावरील परवाना मोकळा करण्याचे काम आमच्याच माणसाला आतल्या पडद्यावरून करावे लागते, म्हणून लेखाच्या शेवटी ‘सपोर्टला कळवा’ असे मीच लिहिले आहे. ग्राहक लेखात सांगितले तसेच वागत होते.

शोध किंवा लेख आणखी सुधारून हे सुटणार नाही. ग्राहकाला स्वतःच्या खात्यातून जुना संगणक काढता यावा, यासाठी एक बटण हवे आहे. त्याची मागणी उत्पादनाच्या चमूकडे अकरा तिकिटांच्या क्रमांकांसह आज पाठवली.

२६ ऑगस्ट

बटणाला मंजुरी मिळाली आहे, पुढच्या आवृत्तीत ते येईल. त्या आवृत्तीत ‘सेटिंग’ या मेनूचे नावही बदलणार आहे आणि ते नाव १३ लेखांत आहे. ते १३ लेख शोधून काढणारी एक छोटी आज्ञा लिहून ती आवृत्ती काढण्याच्या तपासणी यादीत घातली. छाटलेल्या शब्दांमुळे ‘सेटिंगमध्ये’ आणि ‘सेटिंगच्या’ असलेले लेखही तिला सापडले.